नऊशे फूट नळ आणि माझी बत्तीस मिनिटं

लोणावळ्याला माझी नेमणूक झाली तेव्हा माझं वय चोवीस होतं आणि माझ्याइतका हुशार माणूस घाटाच्या अलीकडे किंवा पलीकडे नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. हे मत मी कुणाला बोलून दाखवत नसे. पण चालण्यातून ते दिसत असावं, कारण आमचा फिटर मला पाठीमागे 'पहिला नंबर' म्हणत असे. परीक्षेत माझा पहिला नंबर नव्हता, नववा होता. हे त्याला सांगायचं धैर्य मला शेवटपर्यंत झालं नाही.

ते वाफेच्या इंजिनांचे दिवस. विजेची इंजिनं यायला अजून काही वर्षं होती. घाट चढून आलेलं इंजिन लोणावळ्याच्या फलाटाला लागायचं ते तहानेनं कासावीस होऊनच. त्याला पाणी पाजायचं काम एका लोखंडी टाकीचं, आणि ती टाकी भरलेली ठेवायचं काम रेल्वेच्या पाणीखात्यातल्या आम्हा चार माणसांचं. मी ओव्हरसियर, म्हणजे या चारांत कोट घालणारा.

स्टेशनाची ती टाकी एकटी पुरेना, म्हणून विहिरीवरच्या पंपघराशेजारी तशीच दुसरी टाकी उभी केली होती. दोन्हींची लांबी-रुंदी एक, तीस फूट बाय वीस फूट, आणि दोन्हींचे तळ एका पातळीत. ही पातळी मी स्वतः दुर्बिणीतून पाहून घेतली होती आणि ती बरोबर होती. पुढे जे काही सांगणार आहे त्यात माझ्या बाजूची अशी फारशी वाक्यं नाहीत, म्हणून हे आधीच नमूद करून ठेवतो. दोन टाक्यांमध्ये सहा इंची नळ टाकला, लांबी नऊशे फूट. नळ कुठल्या तरी जुन्या लाइनीतून उखडून आणलेले, आतून गंजलेले. फिटरनं जमेल तितके खरवडले आणि जोडले.

योजना सोपी होती. सकाळच्या गाड्या स्टेशनाची टाकी पिऊन खाली करत. दुपारी काही तास मोठी इंजिनं येत नसत. एखादं शंटिंगचं इंजिन किंवा दोनची छोटी गाडी आलीच, तर त्यांना जुनी लहान टाकी होती. त्या वेळात पंपघराजवळचा व्हॉल्व्ह उघडायचा. तिकडे पाणी उंच, इकडे खाली. आपोआप ते नळातून वाहत येईल आणि दोन्हीकडे सारखं होऊन थांबेल. कोळसा नको, पंप नको. प्रश्न एवढाच होता की याला वेळ किती लागेल. कारण सारखं व्हायच्या आत तिसऱ्या प्रहराची गाडी येऊन उभी राहिली, तर तिला अर्धपोटी घाट उतरावा लागणार.

आमच्या गोऱ्या साहेबानं हा प्रश्न मला विचारला आणि मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कारण हे गणित मला पाठ होतं! कॉलेजात ते तीनदा सोडवलेलं. दोन हौद, मध्ये भिंत, भिंतीला भोक. एका हौदात पाणी जास्त, दुसऱ्यात कमी, तर समपातळी किती वेळात होईल? मी साहेबासमोर उभ्या उभ्या आकडे मांडले. एकीकडे बारा फूट पाणी, दुसरीकडे तीन, फरक नऊ. नवाचं वर्गमूळ तीन, म्हणजे गणितसुद्धा माझ्या बाजूनं. भोकाचा व्यास सहा इंच. भोकातून निघताना धार आकसते, म्हणून त्याचा गुणक. उत्तर आलं बत्तीस मिनिटं.

"बत्तीस?" साहेब म्हणाला.

"सेकंदही सांगू का?" मी म्हणालो.

त्यानं नको म्हटलं, हे माझं नशीब.

पंपघरावर जो पंपवाला होता त्याला सगळे आबा म्हणत. जवळच्याच औंढ्याचा माणूस, साठीला टेकलेला. बावीस वर्षं त्याच पंपावर होता आणि पंपघराला लागून असलेल्या एका खोलीत म्हातारीसह राहत होता. त्याची एक सवय मला खटकत असे. मी काही सांगितलं की तो आधी माझ्याकडे बघे, मग पंपाकडे बघे, आणि मग "व्हय" म्हणे. जणू पंपाला विचारून सांगतोय. साहेबाच्या मनातून त्याला काढून एखादा तरुण गडी ठेवायचा होता. "म्हाताऱ्याला दिसत नाही," असं तो दोनदा माझ्यापाशी म्हणाला होता. पण बावीस वर्षांत त्याच्या नावावर एक ओळ वाईट नव्हती, म्हणून त्याला हात लावता येत नव्हता.

ती ओळ मी पुरवली. ती कशी, ते सांगतो.

चाचणीच्या दिवशी, शनिवारी, बरोबर साडेअकराला मी स्टेशनाच्या टाकीखालून हिरवं निशाण हलवलं आणि तिकडे आबानं व्हॉल्व्ह उघडला. साहेब खिशातलं घड्याळ हातात धरून उभा. टाकीच्या बाहेरच्या अंगाला पाणी किती आहे ते दाखवणारी फूट-इंचांची पट्टी आणि तिच्यावर सरकणारा काटा होता. काटा हलू लागला. पहिल्या पाच मिनिटांत त्यानं तीन-चार इंच उडी मारली आणि मी फिटरकडे असं पाहिलं, जणू मीच आत बसून पाणी ओढतोय.

बत्तिसाव्या मिनिटाला काटा साडेसात फुटांवर यायला हवा होता. तो होता चार फूट आठ इंचांवर.

"बत्तीस," साहेब म्हणाला. या वेळी त्यात प्रश्नचिन्ह नव्हतं.

"थोडं थांबू," मी म्हणालो. "सुरुवातीला पाण्याला सवय नसते."

हे वाक्य मी खरंच उच्चारलं. आज चाळीस वर्षांनी लिहितानाही कान गरम होतात. फिटर तोंड फिरवून खोकला. साहेबानं आणखी आठ मिनिटं वाट पाहिली. काटा सरकत होता, पण लग्नाच्या वरातीसारखा. साहेबानं घड्याळ मिटलं आणि म्हणाला, "तुझं गणित बरोबर आहे ना?"

आता बघा, इथे मला म्हणता आलं असतं की साहेब, तपासून सांगतो. एवढंच वाक्य होतं. पण मी म्हणालो, "गणित बरोबरच आहे. व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नसणार."

"पंपवाल्यानं?"

"दुसरं काय असणार?"

साहेबाच्या चेहऱ्यावर पाऊस पडून गेल्यासारखी टवटवी आली. "लेखी दे," तो म्हणाला. "आणि त्या व्हॉल्व्हच्या खड्ड्याला कुलूप घाल, किल्ली तुझ्याजवळ ठेव. पुढच्या गुरुवारी मी येतो, तेव्हा त्याचा निकाल लावू."

ते लेखी मी त्याच दुपारी दिलं. इंग्रजी भाषेवर माझं प्रभुत्व असल्यामुळे चार ओळींचं काम मी सव्वा पानात केलं. 'निष्काळजीपणा' या अर्थाचे तीन वेगळे शब्द वापरले, एकही पुन्हा न वापरता. शनिवारच्याच डाकेनं ते पुण्याला साहेबाच्या कचेरीत गेलं.

रविवारी सकाळी मी किल्ली घेऊन खड्ड्यापाशी गेलो. मनात शंका नव्हती, हे लक्षात घ्या. मी पुरावा गोळा करायला गेलो होतो. व्हॉल्व्ह किती फेरे कमी उघडला आहे ते मोजून अहवालाला जोडावं, म्हणजे सव्वा पानाचं दीड पान होईल. फिटरला बरोबर घेतलं, साक्षीदार म्हणून.

खड्ड्यात उतरलो, लांब दांड्याची चावी व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसवली आणि उघडण्याच्या बाजूला जोर लावला. हलेना. आणखी जोर लावला. हलेना. दोन्ही पाय खड्ड्याच्या भिंतीला टेकवून जोर लावला, तशी चावी निसटली आणि मी कोटासकट चिखलात बसलो.

"उघडा हाय वाल," वरून फिटर म्हणाला. "आता तुमी पन बसला उघड्यावर."

मी उठून व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, फेरे मोजले. एकोणीस. पुन्हा पूर्ण उघडला. एकोणीस. पाहिजे तेवढे एकोणीसच. चाचणीच्या दिवसापासून कुलूप माझंच, किल्ली माझ्याच खिशात. आबानं व्हॉल्व्ह शेवटच्या फेऱ्यापर्यंत उघडला होता.

अहवाल लिहून मी स्वतःसाठी एक खड्डा खणला होता. मी ज्यात उभा होतो तो वेगळा.

आबा तोवर पंपघराच्या दारात येऊन उभा राहिला होता. अहवालाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. आमच्याकडे डाक पुण्याला पोचायच्या आत त्यातला मजकूर लोणावळ्यात पोचत असे. तो रागावलेला दिसत नव्हता, त्यामुळे मला जास्त अवघड झालं.

"आबा," मी म्हणालो, "तुम्ही व्हॉल्व्ह पुरता उघडला होता."

"व्हय."

"मग सांगितलं का नाहीत?"

"इचारलं कुटं तुमी? सायबाला हितं आनलं न्हाई, मला तितं बलावलं न्हाई. आन् सारखं झालतं की पानी."

"काय झालं होतं?"

"पानी. दोनीकडं सारखं. तुमी गेलात सायबामागं टोपी धरून. मी हितं, ह्यो फिटर तितं. दोनची गाडी गेली, आन् तमाखू मळून व्हतीय न व्हतीय तोवर ह्यानं निशान हलीवलं. साडेसात फूट. हितं बी साडेसात."

मी फिटरकडे पाहिलं. "तू बोलला नाहीस?"

"तुमी लिवत व्हता," फिटर म्हणाला. "लय मन लावून लिवत व्हता."

म्हणजे पाणी गळलं नव्हतं, चोरीला गेलं नव्हतं, अडलंही नव्हतं. जितकं तिकडून उतरलं तितकंच इकडे चढलं होतं. फक्त बत्तीस मिनिटांऐवजी अडीच तासांवर लागले होते. चूक पाण्याची नव्हती, आबाची नव्हती, व्हॉल्व्हची नव्हती. राहता राहिलं कोण?

मी पंपघराच्या पायरीवर बसलो. कोटाच्या मागच्या बाजूनं चिखल ओघळत होता. आबाच्या म्हातारीनं गुळाचा चहा आणून दिला. ज्याची भाकरी काढून घ्यायची चिठ्ठी मी डाकेत टाकली होती, त्याच्या घरचा चहा मी प्यालो, आणि तो चांगला होता, हेही सांगून टाकतो.

"त्ये गनित काय हाय तुमचं?" आबानं विचारलं.

मी सांगितलं. दोन हौद, मध्ये भिंत, भिंतीला भोक.

आबानं माझ्याकडे पाहिलं. मग पंपाकडे पाहिलं. "आन् नळ?"

"नळ म्हणजेच भोक."

"न्हाई," आबा म्हणाला. "भाताच्या खाचरात बघा. वरच्या खाचरातलं पानी खालच्यात सोडायचं, तर बांधाला मोरी पाडतो आमी. हातभर मोरी. घटकेत खालचं खाचर भरतंय. पर मधी दुसऱ्याचं वावार असलं तर लांबनं पाट काडून आनावं लागतं. तेवडंच तोंड, तेवडंच पानी, पर दीस जातोय. तुमी मोरीचं गनित केलंया. हितं पाट हाय."

"पाण्याला अंतरानं काय होतंय?" मी म्हणालो. खरं तर हे मी कॉलेजात शिकलो होतो, पण तोंडातून निघून गेलं.

"दमतंय," आबा म्हणाला.

पाणी दमत नाही. ही गोष्ट मी त्याला समजावून सांगायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. कारण त्या क्षणी मला परीक्षेची प्रश्नपत्रिका डोळ्यांसमोर दिसली. त्या प्रश्नाखाली कंसात, बारीक अक्षरांत दर वर्षी एक ओळ असे: घर्षण सोडून द्यावे.

मी ते सोडून दिलं होतं. तीनदा परीक्षेत सोडलं, मार्क मिळवले, आणि मग इतक्या निष्ठेनं सोडत राहिलो की नऊशे फूट गंजका नळ समोर जमिनीत पुरला जात असतानाही मला ते उचलून घ्यावंसं वाटलं नाही. परीक्षकानं सोडा म्हटलं होतं. परत घ्या असं कुणी म्हटलं नव्हतं.

घरी जाऊन जाड पुस्तक काढलं. घर्षणाचं प्रकरण कोरं करकरीत होतं, त्यावर माझ्या पेन्सिलीची एकही खूण नाही. दिवसभर मी ते वाचलं. पाणी नळातून जाताना त्याच्या भिंतींशी घासतं आणि त्या घासण्यात उंचीचा जोर खर्च होतो. नळ जितका लांब तितका खर्च जास्त, जितका अरुंद तितका जास्त, आणि गंजलेला असेल तर नव्या नळाच्या दुप्पट धरावा असं पुस्तकाचं म्हणणं. आकडे मांडले तेव्हा माझीच मला गंमत वाटायला लागली. आमच्या नऊ फूट फरकापैकी पाण्याला प्रत्यक्ष वेग द्यायला जेमतेम दीड इंच उरत होता. बाकी जवळजवळ सगळी उंची नळाच्या भिंतींना चोळण्यात जात होती. दमणं म्हणजे आणखी वेगळं काय असतं, कोण जाणे. मी पुस्तकात पाहिलं, तो शब्द काही नव्हता.

नळ अगदी नवा धरला तर उत्तर दोन तास सात मिनिटं आलं. पुरता गंजलेला धरला तर तीन तासांना तीन मिनिटं कमी. आमचे नळ जुने, पण फिटरनं खरवडलेले, म्हणजे कुठेतरी मधले. आणि मधलं नेमकं कुठलं, ते आबाच्या दोनच्या गाडीनं आणि तंबाखूनं सांगितलं होतंच. मी लिहिलं: अडीच तास, दहा मिनिटं इकडे-तिकडे. सेकंद लिहिले नाहीत.

सोमवारी पहिल्या गाडीनं पुण्याला गेलो. वाटेत प्रत्येक स्टेशनाला परत फिरावंसं वाटलं. बेगडेवाडीला तर खरंच उतरलो होतो. गार्डनं शिट्टी दिल्यावर पुन्हा चढलो, ते केवळ पुढची गाडी तीन तासांनी होती म्हणून. धैर्याची कारणं नेहमी सांगण्यासारखी असतातच असं नाही.

साहेबाच्या टेबलावर माझा अहवाल वरच होता. मी उभा राहून सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा होता, पंपवाल्याची चूक नाही, चूक गणिताची, गणित माझं. अहवाल परत घ्यायला आलोय.

साहेबानं अहवाल उचलून त्यावरची तारीख पाहिली. मग म्हणाला, "बुधवारी तू सांगितलंस बत्तीस मिनिटं, आणि खात्री होती. शनिवारी लिहिलंस पंपवाला निष्काळजी, आणि खात्री होती. आज म्हणतोस अडीच तास. आज खात्री आहे?"

"आज दहा मिनिटं इकडे-तिकडे," मी म्हणालो.

त्यानं अहवाल परत दिला नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला. "गुरुवारी पुन्हा चाचणी. तुझा आकडा खरा ठरला तर मी हा कागद फाडीन. नाही ठरला तर समजेन की तू म्हाताऱ्याची दया येऊन दुसरं गणित रचलंस. मग हा कागद खरा."

आबाची नोकरी आता माझ्या वर्गमुळावर उभी होती. लोणावळ्याला परत येऊन मी हे आबाला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी बावीस वर्सं मी केली ती केली, आन् पास तुमी व्हायचं."

"व्हय," मी म्हणालो. पहिल्यांदाच मी त्याच्यासारखं बोललो असेन.

गुरुवारी साडेअकराला निशाण हललं. तिकडे बारा फूट, इकडे तीन, अगदी मागच्या वेळेसारखंच. साहेब झाडाखाली खुर्ची टाकून बसला होता. मी एक कागद त्याच्या हातात दिला होता. अमुक वेळेला काटा अमुक ठिकाणी असेल, असं आधीच लिहून. हे फिटरला पसंत नव्हतं. "एकदा आपटायचं ते एकदाच आपटावं की," तो म्हणाला. "जागोजागी कशाला?"

बत्तीस मिनिटांना काटा चार फूट आठ इंचांवर आला. साहेबानं माझ्याकडे एक कटाक्ष टाकला. तो आकडा आता आम्हा दोघांच्याही ओळखीचा झाला होता.

पावणेएकला, म्हणजे सव्वा तास झाल्यावर, काटा सहा फूट चार इंचांच्या आसपास पोचला. साहेब उठला. "हे बघ," तो म्हणाला, "साडेसातला आता फक्त चौदा इंच राहिले. सव्वा तासात चाळीस इंच चढलं. म्हणजे आणखी अर्ध्या तासात खेळ संपतो. तुझे अडीच तास कुठे गेले?"

हिशेब त्याचा चुकला नव्हता, पाण्याच्या स्वभावाचा अंदाज चुकला होता. तोच माझाही चुकला असता, आठवड्यापूर्वी. "साहेब," मी म्हणालो, "अजून सव्वा तास. निम्मा वेळ आत्ताशी झालाय."

"चौदा इंचांना सव्वा तास?"

"सुरुवातीला फरक नऊ फूट होता, तेव्हा पाणी जोरात आलं. आता फरक सव्वादोन फुटांवर आलाय. एक चतुर्थांश. फरक चौथाई झाला की वेग निम्मा होतो. आणि जसजसं सारखं होत जाईल तसतसा आणखी मंदावेल. पहिला तीन चतुर्थांश फरक मिटायला जेवढा वेळ लागला, तेवढाच शेवटचा चतुर्थांश मिटायला लागणार."

कागदावर हे सगळं शहाण्यासारखं दिसतं, पण तिथे उन्हात उभं राहून, काटा नाकासमोर असताना, चौदा इंचांना सव्वा तास हे माझंच मला खरं वाटेना. जर अर्ध्या तासात सारखं झालं, तर मी दुसऱ्यांदा खोटा ठरणार होतो, आणि या वेळी पाणी लवकर आलं म्हणून आबा जाणार होता. यापेक्षा विचित्र गुन्हा कुणाच्या नावावर लागला नसेल.

साहेब खुर्चीत परत बसला. त्याचा जेवणाचा डबा आला, त्यानं तो उघडला. फिटर शिडीच्या पायथ्याशी उकिडवा बसून काट्याकडे बघत होता. मी बसलो की उठत होतो, उठलो की बसत होतो.

सव्वा वाजला. साहेबाचा अर्धा तास संपला. काटा सात फुटांच्या किंचित वर. साहेबानं डबा बाजूला ठेवला आणि खुर्ची टाकीजवळ ओढून घेतली.

दीड वाजता सात फूट चार इंच. पलीकडून आबानं निशाणाच्या खुणांनी तिकडचा आकडा कळवला, सात फूट आठ. फरक चार इंच. एक चाळीसला फरक दोन इंच. आता काटा हलतोय की नाही हे डोळ्यांना कळेना. साहेबानं पट्टीवर पेन्सिलीची रेघ मारली आणि मिनिटभर तिच्याकडे बघत राहिला. रेघेवरून काटा सरकला, कणभर.

"जिवंत आहे," साहेब म्हणाला.

मला जाणवलं की तो आता कुणाला पकडायला बसलेला नव्हता. तो पाण्याकडे बघत होता. माणूस एकदा काट्याकडे बघायला लागला की सुटत नाही.

दोनला गाडी गेली तेव्हा इकडे साडेसात फूट होते. तिकडून निशाण आलं, तिकडेही साडेसात. अडीच तास पूर्ण. फरक असलाच तर दाण्याएवढा, पट्टीवर न दिसणारा. साहेबानं घड्याळ बघितलं, कागद बघितला, घड्याळ पुन्हा बघितलं.

"त्या पंपवाल्याला बोलव," तो म्हणाला.

आबा आला. नऊशे फूट चालत यायला त्यालाही वेळ लागला. सगळे त्याची वाट बघत उभे. साहेबानं आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं, "पिछले टाइम पानी बराबर हुआ, तुमने देखा था?"

"व्हय साहेब."

"बोला क्यूं नहीं?"

आबानं साहेबाकडे पाहिलं. मग सवयीनं पंप शोधला, तो तिथे नव्हता, म्हणून माझ्याकडे पाहिलं. "भाऊसाब लिवत व्हते," तो म्हणाला.

साहेबाला ते कळलं नसावं. फिटरला कळलं, आणि तो टाकीच्या मागे गेला.

साहेबानं खिशातून माझा सव्वा पानाचा अहवाल काढला. त्याचे आडवे-उभे तुकडे केले आणि ते माझ्या हातात दिले, आबाच्या नाही. "हे तू ठेव," तो म्हणाला. मग वही मागवून त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं: दुपारचा व्हॉल्व्ह उघडण्याचं व बंद करण्याचं काम सध्याच्या पंपवाल्याकडेच राहील. खाली सही. 'सध्याच्या' हा शब्द मी आबाला मराठीत वाचून दाखवला, तेव्हा त्यानं विचारलं, "म्हंजी किती दीस?"

"म्हणजे तुम्ही म्हणाल तेवढे दिवस," मी म्हणालो. हे अर्थात माझ्या हातात नव्हतं. पण पुढे तसंच झालं.

साहेब जाताना म्हणाला, "मला हे एका तासात व्हायला हवंय. कुठला नळ टाकावा लागेल, ते सांग."

जिभेवर उत्तर आलं होतं. आठ इंची टाकला तर वेळ निम्म्यावर येईल, तासासाठी त्याहून मोठा लागेल. पण मी म्हणालो, "दोन दिवस द्या." साहेब हसला. मी त्याला हसताना पाहिलं ते तेवढंच.

साहेबाची रुळांवरची ट्रॉली दिसेनाशी झाली तसा फिटर टाकीमागून बाहेर आला. आबा अजून तिथेच उभा होता, वहीतल्या सहीकडे बघत.

"चला आबा," मी म्हणालो, "उद्यापासून रोज साडेअकराला उघडायचा."

"साडेअकराला न्हाई जमायचं," आबा म्हणाला. "त्या वक्ताला विहिरीवर बाया धुनं आनत्यात, त्यांची पोरं त्या खड्ड्यापाशी खेळत्यात, झाकन उघडं ठिवून भागायचं न्हाई. अकराला उघडतो."

"अकराला स्टेशनाची टाकी खाली झालेली असेल?"

त्यानं थोडा विचार केला. "रोज न्हाई. मालगाडीवर हाय त्ये."

"मग तुम्हीच बघून ठरवा," मी म्हणालो, "आणि उघडलात की मला वेळ सांगा. मी लिहून घेतो."

"तुमी लिवनार?" फिटर म्हणाला.

"फक्त वेळ," मी म्हणालो.